पाणी शुद्ध करायच्या चार पद्धती: काय जातं आणि काय उरतं
(आमच्या दुकानातून प्युरिफायर, फिल्टर किंवा कँडल नेणाऱ्या ग्राहकांसाठी)

काउंटरवर रोज एकच प्रश्न येतो: "सगळ्यात चांगलं कुठलं?" त्यावर आम्ही उलट विचारतो की घरात पाणी कुठून येतं. ग्राहकाला वाटतं आपण टाळाटाळ करतोय. पण नळाचं पाणी, बोअरचं पाणी आणि मे महिन्यातला टँकर यांच्यात बिघाड वेगवेगळा असतो, म्हणून उपायही वेगळा निघतो.

पाण्यात नको असलेल्या गोष्टी ढोबळमानाने तीन. पहिली गाळ, म्हणजे माती, गंज, शेवाळ. दुसरी जंतू. त्यांच्यात आकाराचा फरक फार मोठा आहे. अमिबाच्या पुटीपुढे, म्हणजे कवचात बसलेल्या अमिबापुढे, जिवाणू लहान, आणि जिवाणूपुढे काविळीचा विषाणू पन्नासपटीहून लहान. तिसरी गोष्ट विरघळलेले क्षार: कॅल्शियम, मॅग्नेशियम, नायट्रेट, फ्लोराईड. या पत्रकातल्या चारही पद्धतींपैकी एकही तिसऱ्या गोष्टीला हात लावत नाही. उकळण्याने थोडा जडपणा कमी होतो, तेवढाच काय तो अपवाद.

उकळणं

जंतूंच्या बाबतीत याच्याइतकी खात्रीची घरगुती पद्धत नाही. जिवाणू, विषाणू आणि क्लोरीनला दाद न देणाऱ्या पुट्यासुद्धा यात मरतात. पाणी सत्तर अंशांच्या पुढे गेलं की जंतू मरायला लागतात, त्यामुळे खळखळ उकळी फुटेपर्यंत काम जवळजवळ झालेलं असतं. खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे. महाबळेश्वरला पाणी शंभरच्या आधीच उकळतं, तरीही तिथे वेळ वाढवायची गरज नाही.

"वीस मिनिटं उकळा" हा सल्ला मात्र सोडून द्या. त्यात गॅस जातो आणि आणखी एक नुकसान होतं. समजा बोअरच्या पाण्यात लिटरला 40 मिलिग्रॅम नायट्रेट आहे. पिण्याच्या पाण्याची भारतीय मर्यादा 45 आहे, म्हणजे पाणी कसंबसं आत बसतंय. चार लिटर पाणी उकळून उकळून तीन लिटर उरलं, तर वाफ गेली आणि नायट्रेट तेवढंच राहिलं. आता ते लिटरला 53 झालं. बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळासाठी हा फरक महत्त्वाचा आहे, कारण जास्त नायट्रेटमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते.

पातेल्याच्या तळाशी पांढरा थर बसतो, तो कॅल्शियमचा. त्याने अपाय होत नाही, उलट पाण्याचा जडपणा थोडा कमी झाल्याची ती खूण आहे.

गॅसचा हिशेब ग्राहक विचारतात म्हणून सांगतो. रोज दहा लिटर पाणी उकळीपर्यंत आणायला महिन्याला साधारण साडेतीन ते चार किलो गॅस लागतो. म्हणजे पाव सिलिंडर. पाणी निवल्यावर त्याला राखण काहीच नसते. त्याच हंड्यात कुणी पेला बुडवला की जंतू परत आले. ओगराळं वापरा, किंवा तोटीचं भांडं घ्या.

कँडल फिल्टर

स्टीलच्या दोन डब्यांचा हा जुना फिल्टर आम्हाला अजूनही आवडतो. वीज नको, आवाज नाही, आणि गाळ तर डोळ्यांदेखत पकडतो. चांगल्या सिरॅमिक कँडलची छिद्रं मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून बारीक असतात. त्यामुळे गाळ, अमिबाच्या पुट्या, जंतांची अंडी पूर्ण अडतात आणि बहुतेक जिवाणूही अडतात. काविळीचा विषाणू मात्र त्या छिद्रातून असा जातो, जसा मुंगीला दरवाजा. म्हणून पावसाळ्यात, किंवा गावात काविळीची साथ असताना, कँडलचं पाणी नंतर उकळा किंवा त्यात क्लोरीनची गोळी घाला. नुसत्या कँडलवर राहू नका.

कँडलची खरी अडचण तिची चीर आहे, कारण ती दिसत नाही. नेहमी रात्रभरात भरणारा खालचा डबा एकाएकी दोन तासांत भरू लागला, तर खूश होऊ नका, पाणी चिरेतून जातंय. तपासायचं कसं ते असं: कँडल अर्धा तास पाण्यात भिजवा. मग पाण्यात बुडवून धरा आणि तिच्या नळीतून तोंडाने फुंका. धड कँडलमधून बुडबुडे येत नाहीत, कारण ओली बारीक छिद्रं हवा अडवून धरतात. एकाच जागेवरून बुडबुड्यांची माळ निघाली तर तिथे चीर आहे. बुडाशी, सिरॅमिक जिथे प्लास्टिकला चिकटवलंय तिथून निघाली, तर सांधा सुटलाय. दोन्हीत कँडल बदलायची. चिकटपट्टी लावून ती बरी होत नाही, लोकांनी करून पाहिलंय.

धुताना साबण नको, मऊ ब्रश आणि साधं पाणी. घासताना दरवेळी थोडी कँडल झिजते, हेही लक्षात असू द्या. गरम कँडल थंड पाण्यात टाकलीत तर चीर तुम्हीच पाडलीत. नटाखालचा रबरी वायसर कडक झाला असेल तर तोही बदला. तिथून गाळलेल्या पाण्यात न गाळलेलं पाणी थेंब थेंब मिसळत राहतं.

क्लोरीनची गोळी

चारही पद्धतींत राखण ठेवणारी ही एकटीच. पाण्यात थोडं क्लोरीन उरलेलं असतं, ते नंतर आत गेलेल्या जंतूंनाही मारतं. गावात जलसुरक्षक ओटी टेस्ट करतात, पाणी पिवळं होतं का पाहतात, ते हेच शिल्लक क्लोरीन. लिटरला 0.2 मिलिग्रॅम उरलेलं हवं.

गोळी किती लिटरसाठी आहे ते पाकिटावर पाहा. 20 लिटरची गोळी दहा लिटरच्या कळशीत टाकलीत तर पाण्याला तरणतलावाचा वास येतो, आणि घरातले दुसऱ्या दिवसापासून ते पाणी पीतच नाहीत. गोळी विरघळल्यावर ढवळा, झाका आणि अर्धा तास थांबा. तांब्या-पितळेच्या भांड्यात नको. माठात क्लोरीन लवकर संपतं, म्हणून गोळी प्लास्टिकच्या किंवा स्टीलच्या डब्यात घाला आणि नंतर हवं तर माठात ओता.

गढूळ पाण्यात मात्र गोळी फसते. क्लोरीन मातीवर आणि कुजक्या कचऱ्यावरच खर्च होतं, आणि मातीच्या कणाआड बसलेला जंतू वाचतो. याचं मोठं उदाहरण आपल्या देशातलंच आहे. 1955 च्या पावसाळ्यानंतर दिल्लीत यमुनेचा प्रवाह सरकला आणि वझिराबादच्या पाणी उपसा केंद्राकडे नाल्याचं सांडपाणी आलं. केंद्रातल्या लोकांनी तुरटी आणि क्लोरीन दोन्ही वाढवलं. टायफॉईड, हगवण वाढली नाही, म्हणजे जिवाणू आवरले गेले. पण 1955-56 च्या हिवाळ्यात 29 हजारांहून जास्त लोकांना कावीळ झाली. हा हिपॅटायटिस ई होता, हे पुढे जपून ठेवलेल्या नमुन्यांवरून कळलं. घरासाठी त्यातून एवढंच घ्यायचं: आधी पाणी नितळ करा. तुरटी फिरवा, गाळ बसू द्या, वरचं पाणी चौपदरी कापडातून गाळा, मगच गोळी. एवढं करूनही पाणी गढूळ राहिलं तर उकळा. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक जंतू तर नितळ पाण्यातही गोळीला दाद देत नाही. जुलाब लांबलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसासाठी पाणी उकळूनच द्या.

यूव्ही मशीन

यात पाणी एका काचेच्या नळीभोवतून वाहतं आणि नळीत अतिनील दिवा असतो. किरणांनी जंतूची जनुकं बिघडतात. तो पाण्यात राहतो, पण वाढू शकत नाही, म्हणून आजार करत नाही. क्लोरीनला न जुमानणारा क्रिप्टोस्पोरिडियम इथे सहज नमतो. पाण्यात काही मिसळत नाही, काही निघत नाही, चव तीच.

पण किरण जंतूपर्यंत पोचले तरच. म्हणूनच यूव्हीच्या आधी गाळाचा फिल्टर असतो. (त्या दोऱ्याच्या पांढऱ्या गुंडाळीलाही आम्ही मेकॅनिक लोक कँडलच म्हणतो. वरच्या सिरॅमिक कँडलशी तिचा संबंध नाही.) नंतर कार्बन असतो, तो क्लोरीनचा वास काढतो. म्हणजे महापालिकेने दिलेली राखण मशीनने काढून घेतली. यूव्हीचं पाणी तीन दिवस बाटलीत ठेवू नका, ते याचसाठी.

एका ग्राहकाची गोष्ट सांगतो. घरात दीड वर्षापूर्वी बसवलेलं यूव्ही, तरी मुलांची पोटं बिघडत होती. मशीनचा निळा दिवा लागत होता, म्हणून सगळे निर्धास्त होते. मशीन उघडलं तर काचेच्या नळीवर पांढरा थर जमलेला, पातेल्याच्या तळाशी असतो तसा. सोसायटीत नळाचं पाणी दिवसाआड येतं आणि मधल्या दिवशी त्याच टाकीत बोअरचं सोडतात. बोअरच्या जड पाण्याने तो थर बसवला होता आणि किरण त्यातच अडकत होते. शिवाय जुन्या दिव्याचा निळा उजेड तसाच राहतो, अतिनील किरण मात्र कमी होतात. उजेड पाहून काही कळत नाही.

नळी लिंबूसत्वाच्या पाण्याने साफ केली, दिवा बदलला. त्यांना वाटत होतं आता आरओ घ्यावा लागणार. आम्ही आधी बोअरचं पाणी जिल्हा प्रयोगशाळेत तपासून आणायला सांगितलं. नायट्रेट 58 निघालं. उपाय मशीनचा नव्हताच: नळाच्या पाण्याची एक छोटी वेगळी टाकी आणि स्वयंपाकघरात तिचा वेगळा नळ. बोअर फक्त धुण्या-भांड्याला. आमचा आरओ विकला गेला नाही, त्याला इलाज नाही.

ज्यांच्याकडे बोअरशिवाय पाणीच नाही आणि अहवालात नायट्रेट किंवा फ्लोराईड जास्त आहे, त्यांनी आरओ घ्यावा. मात्र अहवाल पाहून. टीडीएस मीटरवर निर्णय घेऊ नका. तो सगळ्या क्षारांची गोळाबेरीज सांगतो; नायट्रेट किती, जंतू किती, हे त्याला कळत नाही. घरी येऊन पाण्यात दोन सळ्या बुडवून, त्यांतून वीज सोडून ते तपकिरी करून दाखवणारे विक्रेते येतात. तो तपकिरी रंग सळीच्या लोखंडाचा असतो, पाण्यातल्या घाणीचा नव्हे. आरओच्या पाण्यात क्षार कमी, म्हणून वीज वाहत नाही आणि ते पांढरं राहतं. त्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगा आणि गंमत पाहा.

दुकानात येताना

कँडल बदलायची असेल तर जुनी सोबत आणा, आटे आणि उंची कंपनीनुसार बदलते. यूव्हीचा दिवा हवा असेल तर मशीनच्या मागच्या पट्टीचा फोटो पुरे. नळीवरचा थर दर तीन महिन्यांनी तुम्ही स्वतः पाहू शकता; मात्र आधी प्लग काढा, आणि पेटलेल्या दिव्याकडे थेट बघू नका, डोळ्यांना इजा होते. पाण्याचा तपासणी अहवाल असेल तर तोही आणा. तो वाचून सांगायचे आम्ही पैसे घेत नाही.