त्या क्षणी त्याला काय कळत होते?

स्किझोफ्रेनियाचे उपचार अर्धवट सोडलेला एक तरुण मध्यरात्री जागा होतो. घोंगडी पांघरून झोपलेले वडील त्याला वडील म्हणून दिसत नाहीत. पेटलेले गाठोडे दिसते. तो हाताशी आलेल्या दांडक्याने त्या ज्वाळा झोडपून काढतो. आवाज ऐकून शेजारी धावत येतात, तेव्हाही तो तिथेच उभा असतो आणि ‘पाणी आणा, अजून विझली नाही’ असे ओरडत असतो. वडील मरण पावतात.

भारतीय दंड संहितेचे कलम 84, आणि 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम 22, अशा माणसाला अपराधी मानत नाही. मात्र मनोविकलतेमुळे त्याला कृती करतेवेळी तिचे स्वरूप, किंवा ती चुकीची अथवा बेकायदा आहे हे, जाणण्याची क्षमता नव्हती असे दिसले पाहिजे. या तरुणाच्या बाबतीत पहिलीच कसोटी लागू पडते, कारण आपण माणसाला मारतो आहोत हेच त्याच्या जाणिवेत नव्हते.

आता एकच गोष्ट बदलून पाहू. समोर वडील आहेत हे त्याला पक्के ठाऊक आहे, पण ते आपल्या जेवणात विष कालवतात असा त्याचा भ्रम आहे. वार केल्यावर तो दांडके विहिरीत टाकतो, कपडे धुतो आणि पहाटे घर सोडतो. आजार तोच, कदाचित अधिक तीव्रही; तरीही कृतीचे स्वरूप त्याला कळत होते. मग उरतो दुसरा प्रश्न, ती चूक आहे हे कळत होते का, आणि तिथे विहिरीतले दांडके त्याच्या विरोधात बोलते. तीव्र मनोविकाराच्या बहुतेक रुग्णांना आपण काय करत आहोत हे कळत असते, त्यामुळे पहिली कसोटी क्वचितच पुरी होते. या कायद्याचे मूळ ज्या मॅकनॉटन खटल्यानंतरच्या 1843 मधील इंग्लिश नियमांत आहे, त्या मॅकनॉटनलाही आपण माणसावर पिस्तूल झाडत आहोत हे माहीत होतेच.

खरी अडचण पुराव्याची असते. मनोविकारतज्ज्ञ आरोपीला तपासतो तेव्हा घटनेला अनेक दिवस उलटलेले असतात आणि औषधांनी लक्षणे ओसरलेली असू शकतात. ‘मला काही आठवत नाही’ हे विधानही फारसे उपयोगी पडत नाही, कारण नंतर विसरणे आणि त्या वेळी न कळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. म्हणून न्यायालय घटनेच्या आधीचे, वेळचे आणि लगेच नंतरचे वर्तन पाहते. जुने उपचारांचे कागद आजार होता एवढेच सांगतात. त्या रात्रीचे भान सांगतो तो पाणी मागणारा आवाज ऐकलेला शेजारी. बचाव सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो, पण तो संशयातीत पुराव्याचा नाही; शक्यतेचे पारडे त्याच्या बाजूला झुकले तरी पुरते.

आणि ते झुकले तरी तरुण त्याच दिवशी घरी जात नाही. कृत्य त्याच्या हातून घडले असे न्यायालय नोंदवते आणि त्याला सुरक्षित ताब्यात ठेवण्याचा, किंवा योग्य हमी घेऊन नातेवाइकांच्या स्वाधीन करण्याचा आदेश देते.