क्षारांचा थर वीज नाही, कॉइल खातो

पाण्यातला क्षार काढणाऱ्या यंत्रांच्या जाहिरातींत एक दावा हमखास दिसतो: गिझरच्या कॉइलवर क्षारांचा पातळ थर जरी बसला, तरी विजेचं बिल भराभर वाढतं. दावा पटण्यासारखा वाटतो. क्षारांतून उष्णता नीट वाहत नाही, म्हणजे पाण्याला ती कमी मिळणार आणि वीज वाया जाणार. पण वाया गेलेली ती उष्णता जाते कुठे?

कॉइल चारही बाजूंनी पाण्यात बुडालेली असते. २ किलोवॅटच्या कॉइलमध्ये विजेची जेवढी ऊर्जा शिरते, तेवढीच उष्णता बाहेर पडावी लागते, आणि तिला पाण्याखेरीज दुसरी वाट नाही. मध्ये थर आला म्हणून उष्णता अडून राहत नाही. कॉइल आणखी तापते, इतकी की त्या थरातूनही तेवढीच उष्णता पार ढकलली जाईल. म्हणजे थराची किंमत पाणी मोजत नाही, कॉइल मोजते.

किती मोजते, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. कॉइलची नळी ८ मिलिमीटर व्यासाची आणि तापणारा भाग ८० सेंटिमीटर लांब धरू. तिचा पृष्ठभाग झाला सुमारे २०० चौरस सेंटिमीटर. त्यावरून २००० वॅट बाहेर पडायचे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १० वॅट. हा आकडा बराच मोठा आहे. त्यामुळे अगदी स्वच्छ कॉइलचीसुद्धा कातडी शंभर अंशांच्या आसपास असते, मग टाकीतलं पाणी भले कोमट का असेना. आता १ मिलिमीटर थर चढवा. क्षारांच्या थरातून उष्णता तांब्याच्या तुलनेत काही शेकडा पटींनी कमी वाहते. तेवढीच उष्णता पार करायला थराच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूंत सुमारे ९० अंशांचा फरक लागतो. थर ३ मिलिमीटर झाला की हा फरक सव्वादोनशेच्या घरात जातो आणि नळीचं तापमान तीनशेच्या वर.

आता विजेकडे पाहू. १५ लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायला सुमारे २२०० किलोज्यूल, म्हणजे ०.६ युनिट लागतं. २ किलोवॅटच्या कॉइलला त्यासाठी साधारण १८ मिनिटं. ३ मिलिमीटर थर असेल, तर कॉइल आणि थर हे जेमतेम अर्ध्या किलोचं वजन आधी जास्त तापवावं लागतं. त्यात साठ-सत्तर किलोज्यूल जातात, वेळेत सांगायचं तर अर्धं मिनिट. तीही ऊर्जा बुडत नाही, बटण बंद झाल्यावर पाण्यातच उतरते. अमेरिकेतल्या बॅटेल संस्थेने २००९ मध्ये कठीण पाण्यावर वॉटर हीटरच्या चाचण्या केल्या, तेव्हा विजेच्या टाकीवाल्या हीटरची कार्यक्षमता जवळजवळ ढळली नाही. गॅसवर चालणाऱ्यांची मात्र घटली, आणि ते रास्तच आहे. तिथे ज्योतीच्या उष्णतेला धुराबरोबर निघून जायची दुसरी वाट मोकळी असते. जाहिरातवाले हा फरक सांगत नाहीत, कारण विजेच्या गिझरच्या बाबतीत तो त्यांच्या सोयीचा नाही.

मग थर निरुपद्रवी का? मुळीच नाही. तीनशे अंशांवर तांब्याची नळी गंजू लागते. प्रत्येक वापरात ती फुगते-आक्रसते, तिला बारीक चीर पडते. चिरेतून ओल आतल्या पांढऱ्या भुकटीत शिरते. ही भुकटी म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइड, आतली तार आणि नळी यांच्यातला विजेचा अडसर. तो ओला झाला की करंट गळू लागतो आणि गिझर लावताच अशी गळती पकडून वीज तोडणारा ई.एल.सी.बी. पडतो. त्याआधी एक खूण ऐकू येते: पाणी तापताना टाकीतून तडतड, खडखड. थराच्या भोकांत अडकलेलं पाणी तिथल्या तिथे उकळून वाफ होतं, त्याचा हा आवाज.

हा थर कॉइलवरच का बसतो? पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की फुटतं. कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट उरतं. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, हे कमी. त्यामुळे जिथे सर्वांत गरम तिथेच ते बसतं. १ मिलिमीटर थरासाठी ५०-६० ग्रॅम क्षार पुरे. लिटरला ३०० मिलिग्रॅम कठीणपणा असलेलं पाणी रोज १०० लिटर वापरलं, तर वर्षाला जवळपास ११ किलो क्षार गिझरमधून जातात. त्यातला अर्धा टक्का अडकला तरी काम झालं.

कार्यक्षमतेचा खरा घोटाळा होतो तो थर्मोस्टॅटपाशी. त्याची नळी कॉइलच्या शेजारीच असते. दोघांमध्ये क्षारांचा पूल बांधला गेला, की कॉइलची धग थेट तिथे पोचते आणि पाणी कोमट असतानाच दिवा विझतो. नुसती थर्मोस्टॅटची नळी झाकली गेली, तर उलट पाणी गरजेपेक्षा जास्त तापतं. म्हणून घरच्या घरी एक परीक्षा करा: टाकी पूर्ण गार असताना गिझर लावा, दिवा विझायला किती मिनिटं लागली ते मोजा, आणि नळाच्या पाण्याचं तापमान थर्मामीटरने पाहा. नव्या गिझरचे हे दोन आकडे टिपून ठेवले, तर पुढच्या वर्षी तुलना करता येते.

सफाईसाठी मुख्य बटण आणि एम.सी.बी. दोन्ही बंद करा, पाण्याचा कॉक बंद करा, टाकी रिकामी करा, मग नट काढून कॉइल बाहेर घ्या. टाकी उंचावर असेल आणि या कामाची सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. क्षार हातोडीने किंवा स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका. नळीला न दिसणारा ओरखडा पडतो आणि कॉइल लवकर जाते. सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबूसत्त्व, १०० ग्रॅम क्षारांना सुमारे १३० ग्रॅम लागतं. त्याचं दहा टक्क्यांचं द्रावण करून कॉइल तासभर बुडवा, फक्त वरची जोडणी कोरडी ठेवा. पाणी कोमटच हवं. फार गरम घेतलं तर कॅल्शियम सायट्रेटचा पांढरा चिखल साचतो, कारण तेही गरम पाण्यात कमी विरघळतं. संडास धुण्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल वापरू नका, ते तांबं आणि टाकी दोन्ही खातं. पुन्हा बसवताना रबरी गॅस्केट नवं टाका आणि टाकीऐवजी स्वतः गंजणारी मॅग्नेशियमची सळई झिजली असेल तर बदला.

थर हळू बसावा म्हणून थर्मोस्टॅट ७५ वरून ५५-६० वर आणावा. पन्नासच्या खाली मात्र नको, साचलेल्या कोमट पाण्यात लेजिओनेला जिवाणू वाढतो. पाइपला चुंबक बांधून क्षार पळवणारी यंत्रं विकली जातात. प्रयोगशाळांत त्यांचे निकाल एका ठिकाणी दिसतात, दुसरीकडे दिसत नाहीत. नवस फेडायचा असेल तर बांधा. खरं चालणारं साधन म्हणजे राळेचं सॉफ्टनर. ते कॅल्शियम घेतं आणि सोडियम देतं. ते चालतंय का हे टी.डी.एस. मीटरने तपासू नका. क्षार कमी होत नाहीत, फक्त बदलतात, त्यामुळे आकडा जवळपास तोच राहतो. त्यासाठी कठीणपणा मोजणारं थेंबांचं किट घ्या.