३ आणि १३ : प्लॅनिंग पोकरमधल्या तफावतीमागचा इतिहास

प्लॅनिंग पोकर म्हणजे सॉफ्टवेअर टीमने कामाच्या आकाराचा अंदाज आकड्यांच्या पत्त्यांनी बांधायची पद्धत. त्यात सगळ्यांनी एकदम पत्ते दाखवले आणि एकाच स्टोरीला, म्हणजे कामाच्या एका तुकड्याला, एका डेव्हलपरने ३, तर दुसऱ्याने १३ दिले, की बऱ्याच टीम मधला ८ लिहून पुढे सरकतात. सरासरी नेमकी ८ येते आणि तसा पत्ताही असतो, त्यामुळे कुणाला काही खटकत नाही. पण ही पद्धत ज्या प्रयोगांतून घडत आली, त्यांत सरासरीपेक्षा ही तफावत का पडली, याचा शोध महत्त्वाचा होता.

सुरुवात होते १९५० च्या दशकात, अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशनमध्ये. नॉर्मन डाल्की आणि ओलाफ हेल्मर यांनी ७ तज्ज्ञांना एक भीषण प्रश्न विचारला : अमेरिकेचं युद्धसामग्रीचं उत्पादन ठरावीक पातळीपर्यंत खाली आणायचं, तर सोव्हिएत बाजूला किती अणुबॉम्ब लागतील? पहिल्या फेरीत सर्वांत कमी उत्तर ५० आलं आणि सर्वांत जास्त ५,०००. तज्ज्ञांची एकमेकांशी गाठ घालून दिली नव्हती. प्रत्येकाला आकड्यासोबत विचारलं जाई, की तुम्ही काय गृहीत धरलंत, कुठली माहिती हाती असती तर उत्तर अधिक नेमकं झालं असतं? त्यातून निघालेले मुद्दे आणि माहिती नाव न सांगता बाकीच्यांकडे जाई आणि पुढची फेरी होई. शेवटी शंभरपटीची तफावत साधारण दुपटीवर आली. हा प्रयोग १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. डेल्फी पद्धत ती हीच.

१९७० च्या दशकात बॅरी बोहेम आणि जॉन फारक्वार यांनी ती सॉफ्टवेअरच्या अंदाजांसाठी वापरली, पण त्यात एक बदल केला. नुसत्या कागदी देवघेवीत कामाचे बारकावे पुढे येत नाहीत, म्हणून त्यांनी लोकांना एकत्र बसवलं. आकडे निनावीच राहिले, चर्चा मात्र समोरासमोर आणि मुख्यतः जिथे अंदाज फार लांब गेले होते तिथे. बोहेमच्या १९८१ च्या पुस्तकात ही पद्धत वाइडबँड डेल्फी या नावाने आली.

२००२ मध्ये जेम्स ग्रेनिंगने पत्ते आणले. त्याची अडचण रोजच्या ओळखीची होती : बैठकीत दोन सिनिअर बोलत राहतात, बाकीचे गप्प बसतात आणि वेळ निघून जातो. म्हणून प्रत्येकाने आकडा मनाशी ठरवून लिहायचा आणि सगळ्यांनी एकाच वेळी दाखवायचा. आकडे जुळले तर लिहून पुढे जायचं, जुळले नाहीत तरच बोलायचं. पुढे माइक कोनच्या २००५ च्या पुस्तकामुळे ही पद्धत सर्वदूर गेली. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा देणाऱ्यांनी आधी कारण सांगायचं, मग पुन्हा पत्ते, हा आज रुळलेला क्रम त्यात आहे.

या वाटचालीत एक गोष्ट मात्र हातची गेली आणि मला ती फार मोलाची वाटते : निनावीपणा. पहिल्या फेरीत पत्ते झाकलेले असतात, पण दुसऱ्या फेरीत १३ कुणाचा होता हे सगळ्यांना ठाऊक असतं. मग ज्युनिअर मुकाट्याने सिनिअरच्या आकड्यावर येतो. आकडे जुळले, पण कामाबद्दल नवी माहिती एकही बाहेर आली नाही, असं दिसलं तर ते एकमत खरं नाही. अशा वेळी आकडा बदललेल्यालाच विचारावं, ‘नेमकं काय ऐकून बदललास?’

एक उदाहरण घेऊ. बँकेच्या ॲपमध्ये ग्राहकाला मागच्या १ वर्षाचं स्टेटमेंट पीडीएफमध्ये मिळावं, अशी स्टोरी आहे. ३ देणारी म्हणते, ‘महिन्याच्या स्टेटमेंटचा कोड तयार आहे, फक्त तारखांची मर्यादा वाढवायची.’ १३ देणारा सांगतो, ‘६ महिन्यांपूर्वीचे व्यवहार आर्काइव्ह डेटाबेसमध्ये जातात. तिथली क्वेरी इतकी हळू आहे की रिक्वेस्ट टाइमआउट होईल. फाइल बॅकग्राउंडला बनवून ईमेलने पाठवावी लागेल.’ दोघांचेही आकडे बरोबर आहेत, पण ते दोन वेगवेगळ्या कामांचे आहेत. ८ लिहिला असता तर आर्काइव्हचा प्रश्न स्प्रिंटच्या मध्यावर उभा राहिला असता. इथे पुन्हा पत्ते टाकण्याआधी प्रॉडक्ट ओनरला विचारायला हवं, की ईमेलने स्टेटमेंट चालेल का आणि आत्ता ६ महिन्यांचं दिलं तर भागेल का? भागणार असेल तर स्टोरी दोन भागांत तुटते. ६ महिन्यांच्या भागाला दोघंही ३ देतात. आर्काइव्हच्या भागाला आत्ता आकडाच द्यायचा नाही. आधी एकाने एक दिवस ती क्वेरी चालवून पाहायची, म्हणजे स्पाइक घ्यायचा.

५ आणि ८ मधल्या फरकासाठी एवढं करायची गरज नाही. तिथे मोठा आकडा घ्यावा आणि पुढे जावं. पण दोन-तीन फेऱ्यांनंतरही ३ आणि १३ तसेच राहिले, तर चौथी फेरी घेऊ नये. ज्या माहितीवाचून अडलं आहे ती त्या खोलीत कुणाकडेच नसते. ती कोण, कधीपर्यंत आणणार हे स्टोरीवर लिहावं आणि तोवर ती स्प्रिंटमध्ये घेऊ नये.