कुकरचा पेला, घरची वाटी आणि पाण्याची रेघ

राइस कुकरबरोबर येणारा प्लास्टिकचा पेला बहुतेक घरांत पहिल्या महिन्यातच मूळ कामावरून सुटतो. कुणी तो रव्याच्या डब्यात टाकतं, कुणी कपड्यांच्या पावडरीत. मग तांदूळ मोजायला हाताला येईल ते घेतलं जातं: केकच्या सामानातला कप, नाहीतर आमटीची वाटी. पाणी मात्र इमानेइतबारे भांड्यातल्या रेघेपर्यंतच. भात टचटचीत राहिला की निकाल ठरलेला, ‘या रेघा आपल्या तांदळासाठी नसतातच!’ त्यात थोडं तथ्य आहे, त्याकडे येऊच. पण आधी त्या पेल्याचा शोध घ्यायला हवा.

हा पेला 180 मिलीलिटरचा असतो. पाककृतींमधला अमेरिकन कप सुमारे 240 मिलीचा आणि आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच मापांच्या संचांतला कप 240 किंवा 250 मिलीचा. मग कुकरवाल्यांनाच हे विचित्र माप कुठून सुचलं? ते जपानच्या जुन्या मापातून आलं. तिथे तांदूळ आणि साके मोजायचं ‘गो’ नावाचं माप होतं, साधारण 180 मिलीचं. दहा गो म्हणजे एक ‘शो’, आणि साकेची मोठी बाटली आजही एका शोची, म्हणजे 1.8 लिटरची असते. जपानने व्यवहारात मेट्रिक मापं आणली, पण स्वयंपाकघरात तांदूळ गोनेच मोजला जात राहिला. 1955 साली तोशिबाने स्वयंचलित विजेचा राइस कुकर बाजारात आणला, त्यानंतर हे यंत्र जगभर पसरलं आणि हे मापही त्याच्याबरोबर गेलं. एका गोत सुमारे 150 ग्रॅम तांदूळ बसतो. भांड्यावरचा ‘2’ हा आकडा म्हणजे असे दोन पेले.

आपला पेला कोणता हे ओळखायला वजनकाटा लागत नाही. लिटरभर पाण्याची बाटली त्या पेल्याने रिकामी करून बघा. साडेपाच पेल्यांत संपली तर तो 180 मिलीचा. बरोबर चार पेल्यांत संपली तर 250 चा. काही कुकरांबरोबर 160 मिलीचाही पेला येतो. तिथे बाटली सहा पेल्यांहून थोडी जास्त चालेल, आणि त्या भांड्याच्या रेघा त्याच पेल्यासाठी आखलेल्या असतील.

आता एक शंका रास्त आहे. तांदूळ ज्या वाटीने मोजला त्याच वाटीने पाणी मोजलं, तर वाटी केवढी याने काय फरक पडतो? फारसा पडत नाही. वाटी मोठी असली तर तांदूळ आणि पाणी दोन्ही वाढतात, प्रमाण तेच राहतं. घोटाळा होतो तो तांदूळ एका मापाने आणि पाणी रेघेने घेतल्यावर, कारण रेघ पाणी मोजतच नाही. ती तांदूळ आणि पाणी मिळून किती जागा व्यापतात ते मोजते. या एका गोष्टीत सगळी गंमत आहे, म्हणून जरा सावकाश बघू.

पेलाभर तांदळात दाण्यांच्या मधे पुष्कळ हवा असते. 150 ग्रॅम तांदूळ पेल्यात 180 मिली जागा घेतो, पण दाण्यांचं स्वतःचं आकारमान असतं जेमतेम 103 मिली. पाणी ओतलं की ते आधी या फटी भरतं आणि मग वर चढतं. शिजताना तांदूळ साधारण आपल्या मापाइतकं पाणी पितो, म्हणजे एक पेला तांदळाला एक पेला पाणी. याशिवाय वाफ होऊन जाणारं पाणी वेगळं. ते झाकणावर, भांड्याच्या रुंदीवर आणि किती वेळ उकळतं त्यावर ठरतं; तांदूळ दुप्पट घेतला म्हणून ते दुप्पट होत नाही. हिशेबासाठी ते 100 मिली धरू.

दोन पेले तांदूळ घेतला. दाण्यांनी जागा घेतली 205 मिली. पाणी हवं 360 अधिक 100, म्हणजे 460 मिली. एकूण झाले 665, आणि समजा ‘2’ ची रेघ या उंचीवर आखलेली आहे. आता तोच तांदूळ 250 मिलीच्या कपाने दोनदा घ्या. वजन झालं सुमारे 415 ग्रॅम आणि दाण्यांनी अडवलेली जागा 285 मिली. रेघ तीच, म्हणजे पाण्याला उरले 380 मिली. या तांदळाला लागणार होतं 500 अधिक 100, म्हणजे 600. मोठ्या कपाने दुहेरी मार दिला: तांदूळ वाढल्यामुळे पाण्याची गरज वाढली, आणि त्याच वाढलेल्या तांदळाने रेघेखालचं पाणी बाहेर ढकललं. गरजेच्या दोन तृतीयांशाहूनही कमी पाण्यात भात मऊ कसा व्हावा? वरचा थर कणीदार आणि तळाला खरपुडी, ही या चुकीची ओळख.

याच्या उलटही करणारे आहेत. आधी रिकाम्या भांड्यात रेघेपर्यंत पाणी भरायचं आणि मग त्यात तांदूळ सोडायचा. तसं केलं तर 460 ऐवजी पूर्ण 665 मिली पाणी जातं आणि भाताचा गिचका होतो. तांदूळ आधी, पाणी नंतर, हा क्रम त्यासाठीच. धुतलेल्या तांदळाला चिकटून राहिलेलं पाणीही रेघ आपोआप हिशेबात धरते. वाटीने पाणी मोजणाऱ्याला ते अंदाजाने वजा करावं लागतं.

रेघ वाचताना भांडं सपाट ओट्यावर हवं. हातात तिरकं धरून, वरून डोकावून वाचली तर दोनेक मिलिमीटरची चूक सहज होते. 20 सेंटिमीटर व्यासाच्या भांड्यात एका मिलिमीटरचा थर म्हणजे 31 मिली पाणी. दोन मिलिमीटर चुकले तर दोन पेल्यांच्या भातात साठेक मिलीचा फरक पडतो आणि तो तोंडाला कळतो; आठ पेल्यांत तीच चूक पचून जाते. मोठ्या कुकरमध्ये दोघांचा भात बिघडतो त्यामागे हेही एक कारण आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून एक संदेश फिरतो: तांदळावर तर्जनीचं टोक टेकवा, पहिल्या पेरापर्यंत पाणी घाला, भांडं कोणतंही असो आणि तांदूळ कितीही असो, भात कधीच चुकत नाही, ‘हे आपल्या पूर्वजांचं विज्ञान’. ही युक्ती आशियाभर चालते, ती काही कुणा एकाच्या पूर्वजांची नाही. आणि ‘कितीही’ तर मुळीच नाही. त्याच 20 सेंटिमीटरच्या भांड्यात सहा पेले तांदूळ घ्या. दाण्यांमधल्या फटी 460 मिली पाणी घेतात, आणि वरचं 2.3 सेंटिमीटरचं पेर 720 मिली. एकूण 1180, लागतं तेवढंच! पण दोन पेले तांदूळ घेतला तर फटींत 155 आणि वर तेच 720, म्हणजे 875 मिली. गरज 460 ची. पेर खरं ठरतं ते भरल्या भांड्यात, एकत्र कुटुंबाच्या भाताला. दोन माणसांच्या भाताला त्याच पेराने पेज होते.

आता तांदळाच्या जाती. बऱ्याच कुकरांवरची ‘व्हाइट राइस’ची रेघ आखूड, चिकट होणाऱ्या जपानी तांदळाला धरून आखलेली असते. आपल्याकडचा इंद्रायणी या तांदळाच्या बराच जवळ जातो. नवा इंद्रायणी असेल तर रेघेच्या किंचित खालीच थांबावं. जुना कोलम जास्त पाणी पितो. त्याला रेघेच्या वर पाव ते अर्धा पेला लागेल. बासमती अर्धा तास भिजवला की रेघेवर ठीक शिजतो, आणि मोकळा हवा असेल तर रेघेपुढे जाऊ नये. काही भांड्यांवर ‘सुशी’ची रेघ थोडी खाली असते, कारण त्या भातात नंतर व्हिनेगर मिसळायचं असतं.

ब्राउन राइसची रेघ बरीच वर का, हा त्याहून चांगला प्रश्न. हातसडीचा दाणा जास्त पाणी पितो म्हणून, असं सांगितलं जातं. खरं तर तो पाणी थोडंफारच जास्त पितो; कोंड्याच्या आवरणामुळे ते आत शिरायला वेळ फार लागतो. एका बटणाच्या साध्या कुकरला वेळ कळत नाही. त्याच्या तळाशी स्प्रिंगवर बसवलेलं फेराइटचं चुंबक असतं. भांड्यात मोकळं पाणी असेतो तळ शंभर अंशांच्या आसपास राहतो. पाणी संपलं की तापमान चढतं, 103 अंशांच्या सुमारास फेराइट आपलं चुंबकत्व गमावतं, स्प्रिंग सुटते आणि बटण उडतं. म्हणजे या यंत्रात पाणी हेच घड्याळ आहे. 100 मिली पाण्याची वाफ करायला सुमारे 226 किलोज्यूल उष्णता लागते. 700 वॅटच्या कुकरला त्यासाठी किमान पाच मिनिटं. ब्राउन राइसच्या रेघेतलं वाढीव पाणी बरंचसं ही मिनिटं विकत घेण्यासाठी असतं.

इलेक्ट्रॉनिक कुकरमध्ये भिजवण्याचा आणि शिजवण्याचा वेळ बटणाप्रमाणे ठरतो, त्यामुळे तिथे रेघ आणि बटण ही जोडी असते. ब्राउन राइसच्या रेघेपर्यंत पाणी भरून ‘व्हाइट राइस’ दाबलं, तर दाणा टणक आणि भोवती पाणचट चिकट द्रव असा प्रकार हाती येतो. तसेच सध्या ‘भातातली साखर काढणारे’ कुकर जोरात विकले जातात. ते भात जास्त पाण्यात उकळून वरचं पाणी निथळतात, म्हणजे आपण पूर्वीपासून पेज काढतो तेच करतात. दाण्यातला स्टार्च बहुतांश दाण्यातच राहतो. त्यांच्या रेघाही वेगळ्या असतात, नेहमीच्या कुकरला त्या लावू नयेत.

गोवा-कोकणातल्या उकड्या तांदळाला बऱ्याच कुकरांवर रेघच नसते. हा तांदूळ टरफलासकट उकडून वाळवलेला असतो. त्यातला स्टार्च एकदा फुगून पुन्हा घट्ट बसलेला असतो, म्हणून त्याला वेळ हवा. तासभर भिजवून ब्राउन राइसच्या रेघेपर्यंत पाणी भरावं आणि बटण उडाल्यावर दाणा दाबून बघावा. मधे पांढरा टणक ठिपका दिसला तर अर्धा पेला गरम पाणी घालून पुन्हा बटण दाबायचं. पाणी न घालता लगेच दाबलं तर ते टिकत नाही, पुन्हा उडतं. कुकर बिघडला असं समजू नये. तळ अजून 103 अंशांच्या वर असतो, आणि तो निवल्याशिवाय फेराइट चिकटत नाही.