माठाला घाम येतो म्हणजे काय?

मुलांसाठी लिहिलेल्या मजकुरात माठ बहुधा असा येतो: "माठाला असतात इवली इवली छिद्रं. त्यातून थेंब बाहेर डोकावतात, ऊन बघतात आणि भुर्रकन उडून जातात. मग माठाला कसं गारगार वाटतं!"

हाच मजकूर प्रौढांच्या वर्गात वाचायचा तर "बाळांनो" काढून "मंडळी" घालणं पुरत नाही. ऐकणाऱ्या बाईंनी चाळीस उन्हाळे माठ भरलेला असतो. नवा माठ आधी भिजत घालायचा, तो वाऱ्याच्या वाटेवर ठेवायचा आणि भोवती ओलं फडकं गुंडाळायचं, हे त्यांना कुणी शिकवायला नको. म्हणून मी सुरुवातच तिथून करीन: फडकं ओलंच का लागतं?

इथे "भुर्रकन" या शब्दाखाली काय झाकलं गेलं होतं ते दिसतं. थेंब उडाला, पण त्यामुळे आतलं पाणी गार का व्हावं? पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, मग चूल असो वा नसो. माठाबाहेर झिरपलेलं आणि फडक्यातलं पाणी उडताना ती उष्णता माठाकडून आणि आतल्या पाण्याकडून घेतं. चमचाभर, म्हणजे 5 ग्रॅम पाणी उडताना जेवढी उष्णता नेतं, तेवढी काढून घेतली तर जवळजवळ तीन लिटर पाणी एका अंशाने गार होतं. 10 लिटरच्या माठातलं 100 मिलिलिटर उडालं, तर हिशोबाने उरलेलं पाणी सहाएक अंशांनी उतरायला हवं. प्रत्यक्षात तेवढं उतरत नाही, कारण बाहेरची गरम हवा माठाला सतत ऊब देत असते.

एवढं सांगितलं की वर्गातून हमखास प्रश्न येतो: मग नागपुरात गार होणारा माठ मुंबईत तेवढा गार का होत नाही? मुंबईच्या हवेत आधीच बाष्प भरपूर असतं, त्यामुळे पाणी सावकाश उडतं. जुन्या माठाचंही तसंच. पाण्यातले क्षार छिद्रांत साचून ती बुजतात. बाहेरून हात लावल्यावर माठ कोरडा लागला की ओळखायचं.

"घाम" हा शब्द मात्र जपून वापरावा लागतो. फ्रिजमधून काढलेल्या स्टीलच्या तांब्यालाही घाम येतो, पण ते पाणी आतलं नसतं. हवेतलं बाष्प थंड धातूवर जमतं आणि जमताना तांब्याला उष्णता देतं. माठाच्या नेमकं उलट. मुलांच्या गोष्टीत हे दोन्ही घाम एकच होऊन बसतात.

"बाष्पीभवन" आणि "अप्रकट उष्मा" हे शब्द मी यानंतर सांगतो. ते आधी फेकले तर बालिशपणा जातो खरा, पण ऐकणारा पुन्हा शाळेच्या मागच्या बाकावर जाऊन बसतो. फडक्याचं कारण कळल्यावर मात्र तो शब्द म्हणजे ओळखीच्या गोष्टीचं नाव असतं, आणि बाई तो वहीत स्वतःहून लिहून घेतात.