काळे आकडे, निळे आकडे

इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या आमच्या काकू एका मंडळाच्या सभासदांची यादी एक्सेलमध्ये सांभाळतात. यंदा गणपतीच्या आमंत्रणासाठी त्यांनी त्या यादीतली नावं कॉपी करून नव्या शीटमध्ये टाकली आणि तिथून सगळ्यांना मेसेज पाठवले. संध्याकाळी तिलक नगरहून एका मुलीचा फोन आला, "काकू, बाबांच्या नावानं आमंत्रण आलंय." तिचे वडील मार्चमध्ये गेले होते.

काकूंना फार लागलं. "अरे, मी फिल्टर लावूनच कॉपी केलं होतं. पडद्यावर चौतीसच नावं होती," त्या मला सांगत होत्या. त्यांचं म्हणणं खरं होतं, पडद्यावर चौतीसच होती. नव्या शीटमध्ये मात्र चाळीस उतरली होती.

मी मूळ शीट उघडली आणि आधी डावीकडचे ओळींचे क्रमांक पाहिले. 16 नंतर थेट 18 होता, 22 नंतर 25. मधल्या ओळी दिसत नव्हत्या, पण उरलेले क्रमांक काळेच होते. एक्सेलमध्ये फिल्टरनं ओळी गाळल्या असतील तर उरलेल्या ओळींचे क्रमांक निळे होतात. म्हणजे इथे फिल्टर नव्हताच. आधी यादी पाहणाऱ्या कुणीतरी गेलेले आणि गाव सोडलेले असे सहा सभासद निवडून, राइट क्लिक करून Hide दाबलं होतं.

दिसायला दोन्ही सारखंच. फाइलच्या आतही फरक जवळजवळ नसतो. xlsx फाइल ही खरं तर एक झिप असते. ती उघडून शीटचा मजकूर वाचला, तर न दिसणाऱ्या ओळीवर अशी खूण असते:

```
<row r="17" hidden="1">
```

फिल्टरनं गाळलेल्या ओळीवरही हीच खूण असते. फक्त फिल्टर लावलेला असला की तो कुठल्या पट्ट्यावर आहे आणि त्याची अट काय आहे, याची वेगळी नोंद फाइलमध्ये असते. ती अट लागू असताना कॉपी केलं, तर एक्सेल गाळलेल्या ओळी सहसा सोडून देतं, कारण त्या नकोत हे तुम्ही अट घालून सांगितलेलं असतं. Hide मध्ये अशी अट नसते. ओळ तिथेच असते, तिची उंची तेवढी शून्य झालेली असते. काकूंनी A2 पासून F41 पर्यंत माउस ओढला, आणि एक्सेलनं A2 ते F41 हा अख्खा चौकोन उचलला. लिब्रेऑफिस कॅल्कही असंच वागतं. ओळींचे गट करून वजाच्या चिन्हानं मिटवले असले, तरी तेच होतं.

आपल्या शीटमध्ये यातलं काय झालंय हे मला सूत्रानं तपासायला आवडतं, कारण क्रमांकांचा रंग नजरेतून सुटू शकतो. यादीबाहेरच्या रिकाम्या घरांत ही दोन सूत्रं लिहायची:

```
=SUBTOTAL(3,B2:B41)
=SUBTOTAL(103,B2:B41)
```

दोन्ही भरलेली घरं मोजतात. पण 3 फक्त फिल्टरनं गाळलेल्या ओळी वगळतो, तर 103 हातानं लपवलेल्याही वगळतो. काकूंच्या शीटवर पहिल्याचं उत्तर 40 आलं आणि दुसऱ्याचं 34. मधले सहा म्हणजे हातानं लपवलेल्या ओळी. यादीत फिल्टरच असता, तर दोन्हीकडे 34 आलं असतं. एक मर्यादा मात्र आहे: लपवलेले कॉलम या सूत्रांना कळत नाहीत. फोन नंबरचा कॉलम लपवून यादी बाहेर देणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

ओळी असोत की कॉलम, कॉपी करताना उपाय एकच. पट्टा निवडायचा, मग Alt आणि अर्धविराम एकत्र दाबायचे, आणि त्यानंतर Ctrl+C. शॉर्टकट आठवला नाही, तर F5 दाबून Special मध्ये Visible cells only निवडायचं. आता फक्त दिसणारी घरं निवडली जातात. काम झालं की नाही, हे पडद्यावरच कळतं: कॉपी केल्यावर भोवती फिरणारी तुटक रेघ एका मोठ्या चौकोनाची न राहता, जिथे जिथे ओळ लपलेली आहे तिथे तुटून वेगवेगळे चौकोन दिसतात.

पेस्ट करतानाची बाजूही जपायला हवी. जिथे पेस्ट करायचं त्या यादीवर फिल्टर असेल, तर बाहेरून आणलेली नावं एकाखाली एक भरली जातात आणि गाळलेल्या ओळींवरही चढतात. तिथलं जुनं पुसलं जातं आणि फिल्टर काढेपर्यंत दिसतही नाही. म्हणून पेस्ट करण्याआधी तिथला फिल्टर काढावा.

काकूंनी त्याच रात्री सगळ्या ओळी निवडून Unhide केलं, 'स्थिती' नावाचा नवा कॉलम घातला आणि चाळीस नावांपुढे स्वतः 'आहेत', 'दिवंगत', 'बाहेरगावी' असं भरलं. मग 'आहेत' वर फिल्टर लावला. क्रमांक निळे झाले, खालच्या पट्टीवर 34 of 40 records found असं उमटलं. त्यानंतर त्यांनी तिलक नगरला फोन लावला.