इमिडाझोलचे दोन नायट्रोजन: प्रोटॉन नक्की कोण घेतो?

पिरिडीन आम्लारी आहे आणि पायरोल जवळजवळ नाही, हे बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. इमिडाझोलच्या वलयात या दोघांचेही नायट्रोजन शेजारी-शेजारी, मध्ये एक कार्बन ठेवून बसलेले असतात. तरीही उत्तरपत्रिकांत प्रोटॉन हमखास चुकीच्या नायट्रोजनला चिकटवलेला दिसतो: ज्याच्यावर आधीच हायड्रोजन आहे, त्याला. कारण काय, तर ‘तो अमाइनसारखा दिसतो.’

दिसतो खरा, पण तेवढंच. सगळा घोळ ठिपक्यांचा आहे. आकृतीत दोन्ही नायट्रोजनांवर दोन-दोन ठिपके काढतात आणि त्या जोड्या एकाच जातीच्या वाटू लागतात. पाच अणूंचं हे वलय अरोमॅटिक राहायला सहा पाय इलेक्ट्रॉन लागतात. दोन दुहेरी बंधांतून चार मिळतात. उरलेले दोन हायड्रोजनवाला नायट्रोजन, म्हणजे एक नंबरचा, आपली अख्खी जोडी देऊन भरतो. ती जोडी वलयाच्या पातळीला काटकोनात असलेल्या पी कक्षकात असते आणि वलयाच्या कामात पूर्ण गुंतलेली असते. तीन नंबरचा नायट्रोजन दुहेरी बंधातून आपला एक इलेक्ट्रॉन देऊन मोकळा झालेला असतो. त्याची जोडी वलयाच्याच पातळीत, बाहेर तोंड करून असते. वलयाला तिची गरज नाही. प्रोटॉन येतो तो तिच्यावर.

एक नंबरवर जबरदस्तीने प्रोटॉन बसवला तर त्याची जोडी पाय व्यवस्थेतून काढून घ्यावी लागेल आणि अरोमॅटिकपणा जाईल. पायरोलला हीच अडचण आहे. तीव्र आम्लात तो प्रोटॉन घेतो तेव्हाही नायट्रोजनवर नाही, शेजारच्या कार्बनवर घेतो, आणि त्या कॅटायनचा पीकेए सुमारे उणे ४ असतो. इमिडाझोलियमचा ७ च्या आसपास आहे.

इथे चाणाक्ष विद्यार्थी अडतो. तीन नंबरचा नायट्रोजन पिरिडीनसारखा असेल, तर पिरिडिनियमचा पीकेए ५.२ आणि याचा ७ कसा? तर एक नंबरमुळे. प्रोटॉन बसल्यावर येणारा धनभार एक नंबरची जोडी रेझोनन्सने वाटून घेते. पण भार वाटून घेणं वेगळं आणि प्रोटॉन घेणं वेगळं. ‘एक नंबर इलेक्ट्रॉन ढकलतो, म्हणजे तोच आम्लारी’ हे वाक्य मला विशेष खटकतं, कारण पहिला अर्धा भाग बरोबर असल्यामुळे दुसराही खपून जातो. बाण एक नंबरपासून निघतो, प्रोटॉन तीन नंबरवर बसतो. एकदा बसला की कॅटायनमध्ये दोन्ही नायट्रोजन अगदी सारखे होतात. नवा हायड्रोजन कुठला आणि जुना कुठला हे ओळखता येत नाही.

आम्लपणाचं काम सोपं आहे. एक नंबरवरचा हायड्रोजन गेला की मागे उरणारी जोडी वलयाच्या पातळीत राहते. पाय व्यवस्थेला धक्का लागत नाही आणि ऋणभार दोन नायट्रोजन समसमान वाटून घेतात. म्हणून याचा पीकेए साधारण १४.५, तर पायरोलचा १७ च्या जवळ. आम्ल आहे, पण फार क्षीण.

आता माझा जुना राग: ‘इमिडाझोलचा पीकेए ७.’ कोणाचा? ७ हा इमिडाझोलियमचा, १४.५ हा खुद्द इमिडाझोलचा. खात्री करायची तर शुद्ध पाण्यात ०.१ मोलर द्रावण करून पीएच मोजा. ७ हा इमिडाझोलचा स्वतःचा आम्ल-पीकेए असता तर पीएच ४ च्या आसपास आला असता. प्रत्यक्षात तो १० च्या जवळ येतो.

हिस्टिडीन या अमिनो आम्लात इमिडाझोलचंच वलय असतं, आणि तिथे हीच गफलत दोन नायट्रोजनांच्या डेल्टा आणि एप्सिलॉन या नावांनी परत येते. पाण्यातल्या मोकळ्या, उदासीन हिस्टिडीनमध्ये हायड्रोजन बहुतेक वेळा एप्सिलॉन नायट्रोजनवर असतो, म्हणजे प्रोटॉन घेणारा डेल्टा. कायमोट्रिप्सिन या प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइममध्ये नेमकं उलटं. तिथे ५७ व्या हिस्टिडीनच्या डेल्टावरचा हायड्रोजन १०२ व्या अ‍ॅस्पार्टेटकडे वळलेला असतो, त्यामुळे एप्सिलॉनची जोडी मोकळी राहते आणि १९५ व्या सेरीनचा प्रोटॉन ती उचलते. पुढच्या पायरीत तोच प्रोटॉन तुटणाऱ्या पेप्टाइड बंधाच्या नायट्रोजनला दिला जातो. तेव्हा ‘डेल्टा की एप्सिलॉन?’ असं कोणी विचारलं, तर आधी हायड्रोजन कुठे काढलाय ते विचारा.